उन्हाने भाजलेली त्वचा: कोरफडीचे ताजे पान की ट्यूबमधली जेल?

प्रश्न: मी रस्त्याच्या मोजणीचे काम करते. सोमवारी मोहोळजवळ सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत उन्हात होते आणि कोपरापासून खाली दोन्ही हात व मानेची मागची बाजू चांगलीच भाजली. संध्याकाळी आईने गच्चीवरच्या कुंडीतले कोरफडीचे पान तोडून लगेच हातांवर चोळले, तर पाव तासात खाज सुटली आणि ते धुवावे लागले. मंगळवारपासून मैत्रिणीने दिलेली हिरवी जेल दिवसातून तीनदा फक्त मानेला लावते आहे. लावल्यावर ती चुरचुरते आणि मग गार वाटते. आज शुक्रवारी मानेवर बारीक खाजरे पुरळ आले आहे, हातांवर मात्र नाही. ट्यूबवर "९९ टक्के शुद्ध कोरफड" असे लिहिले आहे. घटकांत पाणी, अल्कोहोल, ग्लिसरीन, कोरफडीच्या रसाची पूड, कार्बोमर, ट्रायइथेनॉलअमाइन, सुगंध, डीएमडीएम हायडँटोइन, मेन्थॉल आणि दोन रंग दिले आहेत. ताजे पान वापरावे की ट्यूब? या बाकीच्या रसायनांनी काय होते?
— एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

ती ट्यूब आजपासून लावू नका, पण फेकूनही देऊ नका. मान साध्या गार पाण्याने हलक्या हाताने धुवा आणि पुढचे दोन दिवस तिला सुगंधी साबण, पावडर किंवा घरातले दुसरे कोणतेही मलम लावू नका. एवढे आधी सांगितले, कारण पान की ट्यूब हा प्रश्न सावकाश सोडवता येईल, पण मानेवरचे पुरळ वाढू देणे बरे नाही.

आपण कोणत्या दिवशी, कोठे आणि किती वेळाने त्रास झाला ते नेमके लिहिले आहे आणि त्यामुळे बराच उलगडा होतो. भाजलेल्या त्वचेवर काही लावल्यानंतर सुटणाऱ्या खाजेची तीन निराळी कारणे असतात आणि ती वेळेवरून बहुधा ओळखता येतात. लावल्यावर काही मिनिटांत खाज सुटली आणि धुतल्यावर तास-दोन तासांत ती शमली, तर लावलेल्या पदार्थाने त्वचेला थेट चिडवले असे समजावे. लावायला लागल्यापासून एक ते तीन दिवसांनी बारीक पुरळ उठले, ते लावलेल्या जागीच आले किंवा तिच्या कडेबाहेरही पसरले, तर ॲलर्जीचा संशय घ्यावा, कारण शरीराला आधीपासून ओळखीच्या झालेल्या पदार्थाची प्रतिक्रिया उमटायला एवढाच वेळ लागतो. आणि तीन-चार दिवसांनी पापुद्रे निघू लागताना जी कोरडी खाज येते, ती भाजण्याचाच पुढचा टप्पा असते, तिच्यात पुरळ नसते. आपल्या हातांवर पहिला प्रकार झाला. मानेवरचे पुरळ दुसऱ्या प्रकारात बसते. सोलापूरच्या मे महिन्यात मानेवर घामोळेही येते हे खरे आहे, परंतु घामोळे कॉलरखाली, पाठीवर, छातीवर असे घाम साचेल तेथे पसरते, तर जेल लावलेल्या पट्ट्यापुरते उठलेले पुरळ जेलकडे बोट दाखवते. आरशात पाहून किंवा घरातल्या कोणाकडून पुरळाची हद्द नीट बघून घ्या.

आता पानाकडे वळू. आईंनी पान लावले यात चूक नव्हती. चूक झाली असेल तर ती "तोडून लगेच" या दोन शब्दांत आहे. कोरफडीचे पान आडवे कापून पाहिले तर बाहेर हिरवी जाड साल दिसते आणि आत काचेसारखा पारदर्शक गर दिसतो, पण सालीला लागून आतल्या बाजूने बारीक नलिकांची एक रांग असते आणि तिच्यात पिवळा, अतिशय कडू चीक भरलेला असतो. पान तोडताच देठाच्या कापावर जे पिवळे थेंब जमतात, ते हेच. या चिकात ॲलोइन आणि त्याच्या जातीची द्रव्ये असतात. औषधी सामानाच्या दुकानात काळा बोळ म्हणून जो काळसर कडू खडा मिळतो, तो असाच चीक आटवून केलेला असतो आणि त्याचे रेचक गुण आपल्याकडे जुन्या काळापासून ठाऊक आहेत. गर आणि चीक एकाच पानात एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर असले, तरी त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. गर शांतवतो आणि चीक अनेकांच्या त्वचेला खाजवतो. पान तोडून मधोमध चिरले आणि ते सालीसकट हातावर चोळले की दोन्ही एकत्र लागतात, आणि भाजलेल्या त्वचेचे वरचे आवरण आधीच कमजोर झालेले असल्यामुळे एरवी जो चीक कदाचित जाणवलाही नसता, तो पाव तासात जाणवतो.

म्हणून पान वापरायचेच असेल तर ते असे तयार करावे. झाडाच्या तळाचे, बाहेरच्या फेरीतले जून आणि जाड पान बुंध्यालगत कापावे, कारण कोवळ्या पानात गर कमी निघतो. ते कापलेली बाजू खाली करून पेल्यात उभे ठेवावे आणि अर्धा तास चीक गळू द्यावा. मग पान धुऊन टोक व दोन्ही काटेरी कडा कापून टाकाव्यात, सपाट बाजूची साल सुरीने जरा खोलवर जाऊन काढावी आणि मधली लादी अलगद सोडवून घ्यावी. सालीजवळचा पातळ थर वाचवण्याचा मोह धरू नये, चीक तेथेच असतो. ती लादी वाहत्या पाण्याखाली धरावी आणि बोटाला पिवळेपणा लागेनासा होईपर्यंत धुवावी. तयार गर बिनरंगी असतो आणि त्याला वास जवळजवळ नसतो. आधी कोपराच्या आतल्या, न भाजलेल्या त्वचेवर थोडासा लावून अर्धा तास थांबावे. या चाचणीत चिकाची खाज कळते. ॲलर्जी मात्र कळत नाही, कारण ती उमटायला दिवस लागतात. कोरफड हे लसणाच्या दूरच्या नात्यातले झाड आहे आणि क्वचित काहींना खुद्द गराचीही ॲलर्जी असते.

एक सावधगिरी आपल्या भागासाठी मुद्दाम सांगते. शेताच्या बांधावर जे घायपात लावलेले असते, त्याची कोवळी पाने लांबून कोरफडीसारखी भासतात आणि घाईत तीच तोडून आणल्याचे मी पाहिले आहे. घायपाताच्या रसात सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि तो धडधाकट त्वचेवरही फोड उठवू शकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. घायपाताचे पान टोकाला ताठ, टोचणाऱ्या काट्यात संपते आणि मोडले की त्यातून वाखाचे पांढरे धागे निघतात, तर कोरफडीचे पान मोडले की धागे न निघता बुळबुळीत गर दिसतो. कुंडीतल्या झाडाबद्दल ही शंका नको, पण उद्या कामावर असताना कोणी रस्त्याकडेचे पान तोडून दिले तर हे आठवावे.

गर नेमके काय करतो हेही पाहायला हवे, कारण त्यावरच ट्यूबची किंमत ठरते. गराचा सुमारे ९९ टक्के भाग पाणी असतो. उरलेल्या जेमतेम एका टक्क्यात लांब साखळ्यांच्या शर्करा, क्षार, थोडी आम्ले आणि विकरे असतात. त्या शर्करांपैकी ॲसिमॅनन नावाची शर्करा कोरफडीची खास मानली जाते आणि गराला बुळबुळीतपणा येतो तो अशा शर्करांमुळे. त्वचेवर पसरलेले हे पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि शर्करांचा पातळ पापुद्रा उरलेले पाणी थोडा वेळ धरून ठेवतो. आपल्याला जो आराम वाटतो, त्याचा मोठा भाग एवढाच आहे. दाह कमी करण्याचा गुण गरात याहून अधिक आहे का, यावर झालेले प्रयोग थोडे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. 2005 मध्ये थायलंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोरफडीच्या क्रीमने अतिनील किरणांनी आलेली लाली कमी झाली नाही. 2008 मध्ये जर्मनीत 40 स्वयंसेवकांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात 97.5 टक्के कोरफड असलेल्या जेलने दोन दिवसांनी ती काही प्रमाणात कमी केली, पण सौम्य स्टेरॉइडच्या क्रीमइतकी नाही. म्हणून मी कोरफडीला आराम देणारी वस्तू मानते, बरे करणारे औषध मानत नाही. किरणांनी पेशींच्या आत जे नुकसान सोमवारी केले, ते पानाने किंवा ट्यूबने परत फिरत नाही. लाली ऊन लागल्यावर काही तासांत चढते, बारा ते चोवीस तासांत सर्वांत वर जाते आणि मग आपल्या गतीने उतरते. बुधवारी "जेलने फरक पडला" असे वाटले असेल तर तो फरक बहुधा त्या गतीचाच होता.

आता ट्यूब. आपण लिहून पाठवलेल्या यादीत आणि समोरच्या ९९ टक्क्यांत मेळ बसत नाही, आणि तो का बसत नाही हे समजून घेतले तर पुढच्या खरेदीला उपयोग होईल. कारखान्यात कोरफडीचा गर बहुधा पूड करून येतो. सर्वांत प्रचलित पूड दोनशे पटींची असते, म्हणजे एक ग्रॅम पूड आणि 199 ग्रॅम पाणी मिळून पानातल्या गराइतका रस तयार होतो. या हिशेबाने शंभर ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अर्धा ग्रॅम पूड घातली आणि बाकी जवळजवळ सगळे पाणी घेतले, तर "९९ टक्के कोरफडीचा रस" हा शब्द खोटा ठरत नाही, कारण पानातही तेच प्रमाण असते. पण मग घट्ट करणारा पदार्थ, परिरक्षक आणि इतर सर्व काही उरलेल्या एका ग्रॅममध्ये बसवावे लागते. आपल्या ट्यूबमध्ये अल्कोहोल दुसऱ्या क्रमांकावर आहे. आपल्याकडच्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांच्या यादीत एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यायचे असतात आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने देता येतात. पाण्याच्या लगेच पुढे लिहिलेले, तीन-तीनदा चुरचुरणारे अल्कोहोल काही टक्के तरी असणारच. तेव्हा ९९ हा आकडा ट्यूबमधल्या कोरफडीचा असू शकत नाही. "९९ टक्के शुद्ध कोरफड" याचा अर्थ येथे बहुधा एवढाच की आत घातलेली कोरफडीची पूड, मग ती कितीही थोडी असो, ९९ टक्के शुद्ध आहे. "शुद्ध" या एका शब्दाने पूर्ण अर्थ बदलतो.

यावर कोणी म्हणेल की मग पूड यादीत वर असलेली ट्यूब शोधावी. हा सल्ला मी पूर्वी स्वतः देत असे, आता देत नाही. अर्धा टक्का पूड हे पानाइतकेच प्रमाण आहे आणि अर्धा टक्का म्हटल्यावर ती एक टक्क्याखालच्या गटात जाते, जेथे क्रमाला काही अर्थ उरत नाही. म्हणजे प्रामाणिक जेलमध्येही पूड यादीत खाली दिसू शकते आणि चिमूटभर पूड घातलेल्या जेलमध्येही ती तेथेच दिसते. पूड स्वतः किती अस्सल आहे, तिच्यात माल्टोडेक्स्ट्रिनसारखी स्वस्त पिठूळ शर्करा किती मिसळली आहे, हे तर प्रयोगशाळेशिवाय कळतच नाही. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका वृत्तसंस्थेने मोठ्या दुकानांतल्या काही जेल तपासून घेतल्या, तेव्हा कोरफडीची खूण मानले जाणारे घटक त्यांत आढळले नव्हते, आणि विक्रेत्यांनी व पुरवठादारांनी ते निष्कर्ष अमान्य केले होते. ट्यूबमध्ये कोरफड किती आहे हे आपण घरी ठरवू शकत नाही, पण ट्यूबमध्ये काय नको ते आपण वाचू शकतो, आणि भाजलेल्या त्वचेसाठी तेच अधिक महत्त्वाचे आहे.

आपल्या यादीतले सगळेच पदार्थ वाईट नाहीत. कार्बोमर म्हणजे जेलला जेलपण देणारी वस्तू. ती अर्धा-एक टक्का पुरते, त्वचेत शिरत नाही आणि तिच्याबद्दल काळजीचे कारण नाही. ट्रायइथेनॉलअमाइन हा अल्कधर्मी पदार्थ कार्बोमरची आम्लता मोडून त्याला फुगवण्यासाठी थोडासा घालतात. जेलच्या दाटपणावरून कोरफडीचा अंदाज बांधू नये, तो दाटपणा या दोघांचा असतो. घामट त्वचेला लावताच काही जेलचे एकदम पाणी होते आणि आपण समजतो की त्वचेने कोरफड शोषून घेतली. खरे तर घामातल्या मिठाने कार्बोमरचे जाळे कोसळलेले असते. एकावर एक थर चोळले की मळीसारख्या ज्या वळ्या निघतात, त्याही याच वाळलेल्या जाळ्याच्या. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते आणि ते असणे चांगलेच.

त्रास देणारे पुढचे आहेत. अल्कोहोल झपाट्याने उडते म्हणून त्वचा क्षणभर खरोखर गार होते, पण ते जाताना त्वचेतला ओलावा आणि वरचे स्निग्ध आवरण कमी करते, आणि आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत, जेथे मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्वचा तासाभरात आधीपेक्षा जास्त ताणल्यासारखी होते. मग आपण पुन्हा जेल लावतो. मेन्थॉलची गोष्ट त्याहून वेगळी आहे. ते त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागे करते, त्यामुळे गार वाटते, पण त्वचेची उष्णता त्याने उतरत नाही. भाजलेल्या, विशेषतः सोललेल्या त्वचेवर ते झोंबते. आपल्याला आधी चुरचुर आणि मग गारवा हे जे जाणवत होते, ते या दोघांचे काम होते, त्यात कोरफडीचा भाग फारसा नव्हता.

रंगांबद्दल एकच वाक्य पुरे: गर बिनरंगी असतो, तेव्हा हिरवी जेल ही निळा आणि पिवळा रंग मिसळून हिरवी केलेली असते आणि त्या हिरवेपणाचा त्वचेला काडीचाही उपयोग नाही.

सुगंध आणि परिरक्षक यांवर जरा थांबते, कारण आपल्या मानेवरच्या पुरळाचा माझा पहिला संशय या दोघांवर आहे. यादीत "सुगंध" हा एकच शब्द असला तरी त्यामागे अनेक द्रव्ये असू शकतात आणि सौंदर्यप्रसाधनांच्या ॲलर्जीत सुगंधी द्रव्यांचा क्रमांक नेहमी वरचा असतो. डीएमडीएम हायडँटोइन हा परिरक्षक पाण्यात हळूहळू किंचित फॉर्मल्डिहाइड सोडतो आणि त्याने जंतू मरतात. धडधाकट त्वचेच्या बहुतेक माणसांना त्याने काही होत नाही, पण ज्यांना फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी आहे त्यांना पुरळ उठते. इमिडाझोलिडिनिल युरिया आणि डायझोलिडिनिल युरिया ही त्याच घरातली नावे आहेत. आणखी एक नाव लक्षात ठेवावे ते मिथाइलआयसोथायझोलिनोन. त्याने इतक्या लोकांना ॲलर्जी झाली की युरोपीय संघाने न धुता त्वचेवर ठेवायच्या प्रसाधनांत 2017 पासून त्याला बंदी घातली. भाजलेल्या त्वचेचे आवरण फाटलेल्या छपरासारखे असते आणि एरवी बाहेरच राहणारे पदार्थ त्यातून आत उतरतात, म्हणून एरवी चालणारी जेल या दिवसांत चालेलच असे नाही.

परंतु "परिरक्षक नसलेली" जेल शोधायला निघू नका. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवत असताना एका एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांना कोरफडीची जेल दोन प्रकारे करायला सांगितली होती, एक परिरक्षक घालून आणि एक न घालता. न घातलेली तिसऱ्या दिवशी पातळ झाली होती आणि झाकण उघडताच आंबूस वास आला. ९९ टक्के पाणी आणि वर शर्करा म्हटल्यावर जंतूंना ती पंगतच असते. ताज्या गरालाही हेच लागू होते. कापल्यापासून काही तासांत त्यातली विकरे शर्करांच्या साखळ्या तोडू लागतात, बुळबुळीतपणा जातो, हवेने तो गुलाबी-तपकिरी होतो. फ्रिजमध्ये ठेवला तरी दुसऱ्या दिवसापुढे तो वापरू नये आणि रंग किंवा वास बदलला तर त्याच्या आधीच टाकावा. परिरक्षकांत फिनॉक्सिइथेनॉल, सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट यांचा त्रास तुलनेने कमी जणांना होतो. ज्या पॅराबेनची सर्वांना धास्ती वाटते, ते तर ॲलर्जीच्या बाबतीत सर्वांत शांत परिरक्षकांपैकी आहेत, इतके की अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2019 साठी त्यांना मुद्दाम "ॲलर्जी न करणारा पदार्थ" म्हणून निवडले.

तेव्हा माझे मत असे. भाजल्याच्या पहिल्या संध्याकाळी, त्वचा अखंड असेल आणि पान नीट साफ करायला अर्धा-पाऊण तास हाताशी असेल, तर घरचा ताजा गर उत्तम आहे आणि त्यात नको ते काहीच नसते. पण पुढचे तीन-चार दिवस रोज दोन-तीनदा लावायचे असेल, दिवसभर कामावर राहायचे असेल, तर बिनरंगी, बिनसुगंधी, अल्कोहोल आणि मेन्थॉल नसलेली जेल मी पसंत करीन, आणि तशी जेल मिळाली नाही तर कोरफडीचा आग्रह सोडून साधे बिनसुगंधी मॉइश्चरायझर घेईन. "केन" या अक्षरांनी संपणारी बधिरता आणणारी औषधे, जसे बेंझोकेन, मिसळलेली जेल घेऊ नये, त्यांचीही ॲलर्जी होते. त्वचा कोठे फुटली असेल, फोड आले असतील किंवा फुटले असतील, तर मात्र घरचे पान वर्ज्य समजावे, कारण ते कितीही धुतले तरी निर्जंतुक नसते.

लावण्याची रीत जेलइतकीच महत्त्वाची आहे. आधी त्वचेतली उष्णता पाण्याने काढावी आणि मग जेल लावावी. आपल्याकडे नळाला पाणी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा येते आणि मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते, त्यामुळे "नळाखाली धरा" हा पुस्तकी सल्ला येथे उलटा पडतो. माठातले पाणी घ्यावे किंवा पहाटेच बादली भरून सावलीत ठेवावी. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा त्यात भिजवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि तो गरम झाला की पुन्हा भिजवावा. आपला सोलापुरी टॉवेल एरवी कितीही चांगला असला तरी या दिवसांत त्याच्या खरबरीत गाठी भाजलेल्या त्वचेवर फिरवू नयेत. बर्फ थेट लावू नये. मग त्वचा टिपून किंचित ओली असतानाच फ्रिजमध्ये ठेवलेल्या जेलचा पातळ थर न चोळता पसरावा, तो वाळून ताण वाटू लागण्याआधी, म्हणजे पाच-सात मिनिटांत, वरून मॉइश्चरायझर लावावे. नुसती जेल लावून थांबले तर आपल्या हवेत तिचे पाणी उडून जाते आणि उरलेला पापुद्रा त्वचेला ओढतो. पहिल्या दिवशी त्वचा तापलेली असताना व्हॅसलीनसारख्या जाड स्निग्ध थराने ती झाकू नये. दुखत असेल तर पॅरासिटॅमॉल पुरते. दिवसभर उन्हात राहून शरीरातले पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, मूत्रपिंडांवर ताण येतो.

आपल्या हातांना आता केवळ मॉइश्चरायझर पुरे आहे. पापुद्रे निघाले तर ओढू नका. मानेचे पुरळ ट्यूब थांबवल्यावर तीन-चार दिवसांत ओसरू लागायला हवे. ते वाढले, पाणावले, पिवळसर खपली धरली, किंवा मोठे फोड, ताप, थंडी, चक्कर, उलट्या यांपैकी काही झाले, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा, कारण शेवटची लक्षणे त्वचेची नसून ऊन बाधल्याची असू शकतात.

सोमवारी पुन्हा मोजणीवर जाताना जेल लावून उन्हात उभे राहू नका. कोरफड किरणे अडवत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, इतका की उभ्या काठीची सावली पडत नाही, आणि अशा उन्हात माघारी वळून यंत्रातून पाहताना मान सर्वांत आधी भाजते. पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा, मानेवर ओढणी आणि मान झाकेल अशी कडेची टोपी घ्या. सनस्क्रीन मात्र मानेवरचे पुरळ पूर्ण जाईपर्यंत तेथे लावू नका, त्यातही सुगंध आणि परिरक्षक असतात.

पुरळ ओसरले तरी एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. त्यात संशयित पदार्थांच्या लहान पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि नंतर कोणत्या जागी लाली आली ते पाहतात. सुगंध की फॉर्मल्डिहाइड हे एकदा कळले की पुढे शाम्पूपासून भांड्यांच्या साबणापर्यंत काय टाळायचे ते ठरवता येते. जाताना ती हिरवी ट्यूब घटकांच्या यादीसकट बरोबर न्या, आणि कोणत्या दिवशी किती वेळा लावली ते आपण मला लिहिले तसेच कागदावर लिहून डॉक्टरांना द्या.